आप्पांच्या सेवापूर्तीला तीन मिनिटं बोलायचंय. कोणती आठवण धरू, कोणती सोडू?

डबलबेल (१८ मे, रात्री १०:४०)

रामराम मंडळी. मी एसटीत वाहक आहे, जळगाव जिल्ह्यात. डेपोचं नाव लिहीत नाही, कारण इथे आमच्याकडचे दोघं-तिघं आहेत आणि धागा आप्पांपर्यंत पोचायला नको. आप्पा म्हणजे आमचे चालक. ३१ मेला रिटायर होताहेत. मी लागलो तेव्हापासून अकरा वर्षांत बहुतेक मुक्कामी ड्युट्या आम्ही जोडीनं केल्या.

कार्यक्रम डेपोतच आहे, शेडमध्ये मांडव टाकून, सकाळी दहाला. आगार व्यवस्थापक, दोन्ही युनियनचे लोक, आप्पांच्या घरचे सगळे असतील. बोलणाऱ्यांच्या यादीत माझा नंबर सातवा आणि वेळ तीन मिनिटं. प्रवाशांशी दिवसभर बोलतो, पण माईक हातात आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

वहीत आठवणी लिहायला बसलो तर चौदा निघाल्या. त्यातल्या मोठ्या चार अशा. एक, अनेरच्या पुलाच्या अलीकडे ब्रेक गेला तेव्हा आप्पांनी गाडी उसाच्या शेतात घातली आणि कुणाला खरचटलंही नाही. दोन, माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी चाळीस हजार दिले, बिनव्याजी, आणि तीन वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. तीन, संपात ते जानेवारीतच कामावर गेले आणि मी एप्रिलपर्यंत थांबलो, त्यानंतर काही महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चार, माझा पहिला मुक्काम. पण त्यात घडलं काहीच नाही, म्हणून तो जवळजवळ खोडलाच होता.

तीन मिनिटांत चारही बसतील का? आणि क्रम कसा लावू?

---

पांझराकाठ (१८ मे, रात्री ११:१५)

चार नाही बसत, भाऊ. ब्रेकवाला सांगा. सेवापूर्तीला लोकांना शौर्य लागतं. सुरुवात मात्र जन्म, शिक्षण, भरती कधी, बिल्ला नंबर, किती वर्षं विनाअपघात, अशी रीतसर करा. त्याशिवाय भाषणाला वजन येत नाही. शेवटी एक चारोळी. माझ्याकडे वहीभर आहेत, हव्या तर टाकतो.

---

भुसावळची सून (१९ मे, सकाळी ७:०५)

वाचून डोळ्यात पाणी आलं. आप्पांच्या आत्म्याला शांती लाभो. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला दिरांनी असंच भाषण केलं होतं. ते रेल्वेत होते. दिरांनी त्यांच्या बढत्यांची यादी वाचली, लोको शेडपासून सगळी, वीस मिनिटं. घाटावर ऊन आणि पिंडाकडे कावळा शिवत नव्हता. शेवटी धाकटी नणंद उठली आणि एवढंच म्हणाली, "नाना पगाराच्या दिवशी जिलेबी आणायचे आणि पुडक्याचा दोरा गुंडाळून खिशात ठेवायचे." घाटावर सगळे रडले. यादीतलं मला काही आठवत नाही, दोरा आठवतो.

---

डबलबेल (१९ मे, सकाळी ७:३०)

ताई, आप्पा ठणठणीत आहेत, काल माझ्याबरोबर शेवभाजी खाल्ली. फक्त रिटायर होताहेत. पण दोऱ्याची गोष्ट लिहिलीत ते बरं झालं.

---

भुसावळची सून (१९ मे, सकाळी ७:३४)

अगं बाई! माफ करा. "सेवापूर्ती" वाचलं आणि डोक्यात तेच बसलं. आप्पांना शंभर वर्षं आयुष्य मिळो.

---

अमळनेरकर गुरुजी (१९ मे, दुपारी १:२०)

मी शाळेतून निवृत्त झालो. नोकरीत असताना आणि नंतरही अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात पडायचं, त्यामुळे भाषणं भरपूर ऐकली. पांझराकाठ म्हणतात तो जीवनपट लागतो, हे खरं. पण तो प्रास्ताविकात येतो आणि मानपत्रात पुन्हा येतो. सातव्या वक्त्यानं तोच तिसऱ्यांदा सांगितला की लोक शाल किती रुपयांची असेल त्याचा अंदाज बांधू लागतात.

डबलबेल, तुम्ही सातवे आहात, आणि निवड इथूनच सुरू होते. तुमच्या आधीचे सहा जण काय बोलतील ते आजच सांगता येतं. मनमिळाऊ, हसतमुख, वक्तशीर. त्यातला एक तरी चालक असेल आणि तो ब्रेक फेल झाल्याची गोष्ट सांगणारच, कारण ती सगळ्या डेपोला माहीत आहे. तुमच्या तोंडी ती शिळी होऊन येईल. म्हणून ब्रेक आधी बाजूला काढा. प्रसंग उत्तमच आहे, पण तो तुमच्या एकट्याचा नाही.

उरलेल्या तिघांना एक प्रश्न विचारा. या आठवणीत आप्पा काय करताना दिसतात? हातानं, पायानं, डोळ्यानं. "ते फार मदत करायचे" यात काही दिसत नाही. पहिल्या मुक्कामाबद्दल तुम्ही म्हणता काही घडलंच नाही. तरी अकरा वर्षं ते डोक्यात राहिलंय, मग काहीतरी असणार. त्या रात्रीचं आठवेल ते सगळं इथे लिहा. भाषण म्हणून नको, पंचनामा लिहितात तसं.

---

डबलबेल (१९ मे, रात्री ११:५०)

लिहितो. मे २०१४. लागून नऊ दिवस झाले होते. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, गाडी रात्री साडेआठला पोचायची आणि पहाटे पावणेसहाला निघायची. गाडी मारुतीच्या पाराजवळ लावली. एका घरून भाकर आणि ठेचा आला. वेबिल लिहिलं, कॅश मोजली. सहा हजार आठशे चाळीस रुपये. तोपर्यंत एवढे पैसे मी कधी हातात धरले नव्हते, घरात वर्षाचा कापूस विकला तेव्हा वडिलांच्या हातात बघितलेले तेवढेच. गाव अनोळखी, काळोख. बॅग पोटाशी धरून मी सीटवर बसून राहिलो. झोप येईना. आप्पांनी बघितलं. त्यांची वळकटी मागच्या लांब सीटवर पसरलेली होती. ती त्यांनी उचलली आणि दारात आडवी टाकली, डोकं एका बाजूला, पाय एका बाजूला, म्हणजे त्यांना ओलांडल्याशिवाय कुणी आत येऊ शकणार नाही. आणि म्हणाले, "झोप रे भो आते. चोरले पहिले माले उलांडनं पडी." दोन मिनिटांत घोरायला लागले. मग मलाही झोप लागली.

सकाळी परत मोजलं तर वीस रुपये कमी. माझं तोंड उतरलं. आप्पांनी खिशातून विसाची नोट काढून दिली, "आधी गाडी भर" म्हणाले.

एवढंच.

---

कळण्याची भाकर (२० मे, सकाळी ६:१०)

भाऊ, "एवढंच" काय म्हणता! वळकटी दारात आडवी टाकणारा माणूस मला इथून धरणगावात बसून दिसला.

---

निवृत्त नियंत्रक (२० मे, सकाळी ९:४५)

मी कंट्रोलर म्हणून रिटायर झालो, जिल्हा वेगळा. रात्रीचा प्रसंग चांगला आहे. वीस रुपयांचा मात्र काढून टाका.

कारण सांगतो. वाहक ड्युटीवर जाताना स्वतःचे किती पैसे जवळ आहेत ते लिहून देतो. वाटेत तपासणी झाली की मशीनमधला हिशेब आणि बॅगेतली रक्कम ताडून बघतात. कमी भरली तरी प्रश्न, जास्त भरली तरी प्रश्न. तुम्ही आगार व्यवस्थापकांसमोर माईकवर सांगणार की कॅश कमी भरली आणि चालकानं खिशातून घातली. अकरा वर्षांनी त्यावर कुणी काही करणार नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही जे कौतुक म्हणून सांगताय ते समोरच्या खुर्चीला कबुलीजबाब म्हणून ऐकू येतं. साहेब कसनुसं हसतील, आप्पा खाली बघतील, आणि पुढचं वाक्य कुणी ऐकणार नाही. निरोपाच्या भाषणात मी हे बऱ्याचदा बघितलंय. "आमच्या साहेबांनी नियम बाजूला ठेवून मला रजा दिली" हा त्यातलाच प्रकार.

---

पांझराकाठ (२० मे, सकाळी १०:०२)

मग चाळीस हजारांचं सांगू द्या की. त्यात नियमाचा संबंध नाही. आणि चोर कुणी आलाच नव्हता, मग वळकटीच्या गोष्टीत आहे काय? चाळीस हजार ऐकल्यावर लोक उभं राहून टाळ्या वाजवतील.

---

डबलबेल (२० मे, दुपारी ३:१५)

मलाही तेच वाटतं. तेवढं ऋण जाहीर मानलं पाहिजे ना? नाहीतर मी कृतघ्न.

---

अमळनेरकर गुरुजी (२० मे, दुपारी ४:००)

पैसे दिले हे आप्पांच्या घरी माहीत आहे का?

---

डबलबेल (२० मे, दुपारी ४:२०)

काकूंना बहुतेक नाही. "घरी बोलू नको" असं आप्पा तेव्हा म्हणाले होते. २०१७ ची गोष्ट. त्यांच्याच घराचं काम तेव्हा अर्धवट राहिलं होतं.

---

अमळनेरकर गुरुजी (२० मे, दुपारी ४:४५)

मग तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंत. काकू पहिल्या रांगेत, सत्काराची साडी मांडीवर घेऊन बसलेल्या असतील. आपलं घर बिनप्लास्टरचं का राहिलं ते त्यांना माईकवरून कळेल. तुम्ही ऋण फेडल्याच्या समाधानात खाली उतराल आणि आप्पांची संध्याकाळ खुलासे देण्यात जाईल.

तुमच्या बहिणीचाही विचार करा. तिच्या सासरचं कुणी डेपोत नसेल कदाचित, पण मोबाईलवर शूटिंग होतं आणि ते गावभर फिरतं.

ऋण मानायचंच असेल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी जाऊन एकट्या आप्पांपाशी माना. माईकची काही गरज नाही. वाटलं तर चिठ्ठी लिहून खिशात घाला.

आणि पांझराकाठ, चोर आला नव्हता हीच त्या आठवणीची ताकद आहे. चोर आला असता तर ती चोराची गोष्ट झाली असती.

---

रावेरचा केळीवाला (२० मे, रात्री ९:३०)

विषय थोडा वेगळा आहे, पण विचारतो. आमच्याकडेही ३१ मेला दोन निवृत्त्या आहेत, एक ग्रामसेवक, एक शिपाई. सगळे ३१ मेलाच कसे काय? या महिन्यात आहेराच्या टॉवेल-टोपीचाच खर्च केळीच्या पट्टीपेक्षा जास्त झालाय.

---

निवृत्त नियंत्रक (२० मे, रात्री ९:५०)

शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिला की झालं. आमच्या पिढीत निम्म्यांची जन्मतारीख तीच. एक तारखेचा जन्म असला की आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. एसटीची पहिली गाडी धावली तीही १ जून १९४८ ला, म्हणून आमच्याकडे दुसऱ्या दिवशी वर्धापन दिन असतो. मांडव तोच वापरतात.

---

अमळनेरकर गुरुजी (२० मे, रात्री १०:०५)

आमच्यावर आळ आलाच शेवटी. आई म्हणायची "पोळ्याच्या आसपास झाला". आता पोळ्याला कोणती तारीख लिहायची?

---

कळण्याची भाकर (२१ मे, सकाळी ६:३०)

मला एक बोलायचंय, कुणाला पटेल न पटेल. संपाचं सगळे टाळताय. माझा नवरा एसटीत आहे म्हणून सांगते, २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत आमच्या घरात काय झालं ते मला माहीत आहे. त्या मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते असणार. आप्पा लवकर गेले, हे उशिरापर्यंत थांबले, आणि तरी आज हेच त्यांच्यासाठी बोलायला उभे आहेत. याहून मोठी गोष्ट कोणती? ती गाळून वळकटीचं बोललात तर कडेकडेनं बोलल्यासारखं होईल. डबलबेल, तेव्हा तुम्ही बोलत नव्हतात तर गाडी कशी चालवायचात?

---

डबलबेल (२१ मे, दुपारी २:१०)

घंटीवर. एक दिली की थांबायचे, दोन दिल्या की निघायचे. तीन-चार महिने आमच्यात तेवढंच बोलणं होतं. एकदा मी दोन दिल्या तरी गाडी हलेना. आरशात बघितलं तर एक म्हातारी पाटी घेऊन पळत येत होती, मला दिसली नव्हती. ती चढली, मी परत दोन दिल्या, तेव्हा निघाले. काही बोलले नाहीत.

वहिनी, तुमचं वाचल्यापासून घालमेल होतेय. ही आठवण पहिल्या मुक्कामापेक्षा खोल आहे हे मला कळतंय.

---

अमळनेरकर गुरुजी (२१ मे, दुपारी ३:३०)

ताई, तुमचा मुद्दा मी झटकत नाही. लिखाण म्हणून बघितलं तर घंटीची गोष्ट सगळ्यात भारी आहे. डबलबेलनं ती कधीतरी सावकाश लिहावी.

पण तीन मिनिटांत सांगायची तर आधी सांगावं लागेल की संप कशासाठी होता, कोण कधी गेलं, का गेलं. अर्धा वेळ तिथेच संपेल. त्यातलं एकही वाक्य असं नाही की मांडवातल्या निम्म्या लोकांच्या भुवया वर जाणार नाहीत. आप्पा जानेवारीत का गेले हे त्यांनी तुम्हाला तरी कधी सांगितलंय का? नसेल, तर त्यांच्या सत्काराच्या दिवशी त्यांच्यावरच खुलाशाची वेळ आणू नये. आठवण सांगायला किती प्रस्तावना लागते ते मी नेहमी बघतो. वळकटीला एक वाक्य पुरतं: "मी नवा होतो, बॅगेत कॅश होती."

---

कळण्याची भाकर (२१ मे, दुपारी ४:१५)

गुरुजी, शेवटी आप्पाही बोलणार आहेत, खुलासा करायचा तर ते करतील. आणि लोकांच्या भुवया सांभाळत बसलं तर मग निरोपाला बोलायचंच कशाला? मला नाही पटलं. पण भाषण डबलबेलचं आहे.

---

निवृत्त नियंत्रक (२१ मे, सायंकाळी ६:००)

मी त्या काळात दोन्ही बाजूंची माणसं बघितली. दोघांची कारणं खरी होती. मी असतो तर बोललो नसतो. पण ताईंचं चुकलंय असंही म्हणवत नाही.

---

डबलबेल (२४ मे, रात्री ११:२०)

तीन दिवस नाईट होती. पहिला खर्डा केला. सुरुवात टाकतो, झोडपा.

"आदरणीय व्यासपीठ आणि उपस्थित बंधू-भगिनींनो, आप्पांबद्दल बोलायला शब्द अपुरे आहेत. आप्पा म्हणजे मायेचा सागर, कर्तव्याचा डोंगर. मला आजही तो प्रसंग आठवतो. मी अतिशय गरीब कुटुंबातून आलो, बारावीनंतर दोन वर्षं केळीच्या गाड्या भरल्या, मग जाहिरात निघाली, परीक्षा दिली, वेटिंगला राहिलो, शेवटी ऑर्डर आली, आणि तो सोन्याचा दिवस उगवला..."

---

अमळनेरकर गुरुजी (२५ मे, सकाळी ८:००)

सागर आणि डोंगर दोन्ही काढा. मोजून बघा, ऑर्डर येईपर्यंत मिनिटभर गेलं आणि आप्पा अजून आलेच नाहीत. आठवण सांगताना सगळ्यांचं घसरतं ते इथेच. निरोप त्यांचा असतो आणि आत्मचरित्र आपलं सुरू होतं. माझी एक जुनी सवय सांगतो. खर्डा झाला की "मी, मला, माझं" याखाली तांबडी रेघ मारायची आणि समोरच्याच्या नावाखाली निळी. पहिल्या दहा ओळींत तांबडं जास्त दिसलं तर पुन्हा लिहायचं.

"मला आजही तो प्रसंग आठवतो" हेही नको. आठवतो म्हणूनच सांगताय. थेट गाडीत जा.

कॅशचा आकडा ठेवा. सहा हजार आठशे चाळीस. "मोठी रक्कम" म्हटलं तर साहेबांना ती लहान वाटेल, आकडा ऐकला की मांडवातला प्रत्येक वाहक आपली पहिली कॅश आठवेल. आप्पांचं वाक्य अहिराणीतच म्हणा आणि त्याचा अर्थ सांगू नका.

---

पांझराकाठ (२५ मे, सकाळी ९:१०)

अहिराणी साहेबांना कळेल का? आमच्याकडचे साहेब कोकणातले आहेत.

---

अमळनेरकर गुरुजी (२५ मे, सकाळी ९:२५)

शेजारी बसलेला सांगेल की. दोन सेकंद उशिरा हसतील, काय बिघडलं?

---

भुसावळची सून (२५ मे, दुपारी १२:४०)

एक विचारू? ती रात्र तुम्हाला आठवते तशीच आप्पांनाही आठवते का, हे आधी विचारून घ्यायला नको? आमच्या दिरांनी सासऱ्यांच्या एका बढतीचं सालच चुकवलं होतं आणि मागून आत्या ओरडल्या.

---

डबलबेल (२५ मे, दुपारी १:३०)

विचारलं तर सरप्राईज जाईल, ताई. आणि वळकटी मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे.

---

डबलबेल (२९ मे, रात्री १०:५५)

हे पक्कं केलं. घड्याळ लावून दोनदा म्हटलं, दोन मिनिटांच्या आत बसलं. उरलेला वेळ मोकळा ठेवलाय.

"मे २०१४. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, मारुतीच्या पाराजवळ मुक्कामी गाडी. मला लागून नऊ दिवस झाले होते. माझ्या बॅगेत सहा हजार आठशे चाळीस रुपये होते आणि आप्पांच्या अंगावर दिवसभराची धूळ. आप्पांनी मागच्या लांब सीटवर वळकटी पसरली होती. लांब सीट म्हणजे मुक्कामाला राजाचा पलंग, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

मी बॅग पोटाशी धरून बसलो होतो. आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बॅगेकडे बघितलं. काही विचारलं नाही. पलंग सोडला, वळकटी उचलली आणि दारात आडवी टाकली. म्हणाले, 'झोप रे भो आते. चोरले पहिले माले उलांडनं पडी.' आणि घोरायला लागले.

पुढची अकरा वर्षं कुठल्याही गावात, कितीही कॅश असली तरी मला झोप लागली.

आप्पा, उद्यापासून माझ्यासोबत नवा चालक येईल. त्याला लागून आठ दिवस झालेत. लांब सीट मी त्याला देणार आहे."

---

कळण्याची भाकर (२९ मे, रात्री ११:१०)

संप नाही तर नाही. शेवटच्या ओळीला मात्र मी हरले.

---

निवृत्त नियंत्रक (३० मे, सकाळी ७:००)

"घोरायला लागले" नंतर थांबा. लोक हसतील, त्यावर पुढचं वाक्य पडू देऊ नका.

---

डबलबेल (१ जून, रात्री ९:१५)

झालं मंडळी. माझा नंबर सातवा होता तो नववा झाला, पावणेबारा वाजले, पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालेलं. माझ्या आधी ब्रेक फेलची गोष्ट दोघांनी सांगितली, एकाच्या गोष्टीत ऊस होता आणि एकाच्या गोष्टीत केळी. चारोळ्या सहा झाल्या. मी उठलो तेव्हा मागचे लोक जेवणाच्या पंगतीकडे बघत होते.

"मे २०१४" म्हणालो आणि माझा आवाजच बसला. पाणी प्यायलो. पण सहा हजार आठशे चाळीसला मागून कुणीतरी "बाप रे" म्हणालं आणि मग गाडी सुरळीत चालली. अहिराणी वाक्याला हशा झाला. साहेब दोन सेकंद उशिरा हसले, गुरुजी. शेवटच्या ओळीला नवा चालक खुर्चीत इतका अवघडला की सगळे त्याच्याकडेच बघत राहिले.

पैशांचं आदल्या संध्याकाळी घरी जाऊन बोललो. काकू भरीत करायला वांगी भाजत होत्या, आम्ही ओट्यावर बसलो होतो. आप्पा म्हणाले, "तो इशय बंद." मग बंदच केला. संपाचं तेव्हाही निघालं नाही.

आता गंमत. सत्काराला उत्तर द्यायला आप्पा उठले. मोजून चार वाक्यं बोलले, त्यातली दोन माझ्यावर. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "यानं सांगं ते खरं शे. पन भो, उकाडा इतला व्हता, दारमा वारा लागे म्हनीसन तठे झोपनू." अख्खा मांडव खदखदला. काकू पहिल्या रांगेतून ओरडल्या, "घरीबी दारातच झोपतात!"

पंगतीत त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा विचारलं, आप्पा, खरंच फक्त उकाडा होता? म्हणाले, "वरण घे."

---

भुसावळची सून (१ जून, रात्री ९:३०)

मी म्हटलं होतं आधी विचारा! पण नाही विचारलंत तेच बरं झालं.

---

पांझराकाठ (१ जून, रात्री ९:४०)

चारोळ्या सहाच? आमच्याकडे अकरा झाल्या.

---

निवृत्त नियंत्रक (१ जून, रात्री १०:०५)

मे महिन्यात मुक्कामी गाडीत सगळेच चालक दारात झोपायचे. १९ तारखेला वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा मुद्दाम बोललो नाही.